सहा लाखांचे सदतीस हजार

माझ्या भाचीने नोकरी बदलली आणि महिनाभरात कॉलेजच्या मैत्रिणींचा तिच्यामागे एकच धोशा सुरू झाला: पगार वाढवून मागताना तू नेमकं बोललीस काय? प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा तिने कॅरोसेल करायचं ठरवलं. म्हणजे फोनवर बोटाने सरकवत वाचायची स्लाइडची माळ. एका स्लाइडवर एक प्रसंग आणि त्या प्रसंगी बोलायचं वाक्य. मजकूर तपासायला माझ्याकडे आला, कारण मी चौदा वर्षं एका कारखान्याच्या एचआर विभागात बसून उमेदवारांना ऑफरचे फोन केले आहेत. मुलं पगार मागताना कुठे अडखळतात, ते मी फोनच्या दुसऱ्या टोकाला ऐकलेलं आहे.

तिच्या पहिल्या खर्ड्यातली अर्धी वाक्यं इंग्रजी पोस्टमधून उचललेली होती. ‘मला माझी किंमत माहीत आहे.’ ‘ही ऑफर माझ्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याने मी निराश आहे.’ मी ती खोडली. ती उद्धट होती म्हणून नव्हे, निरुपयोगी होती म्हणून. ऑफरचा फोन करणाऱ्या बाईंच्या हातात पगार वाढवणं नसतंच. त्या जागेसाठी किमान-कमाल रकमेचा पट्टा ठरलेला असतो. त्या पट्ट्यात वर सरकायचं तर विभागप्रमुखाची आणि बहुतेक वेळा फायनान्सची मंजुरी लागते. ती मिळवायला एचआरला एक ई-मेल लिहावा लागतो, आणि त्या ई-मेलमध्ये कारण द्यावं लागतं. ‘उमेदवार निराश आहे’ हे कारण कुणी मंजूर करत नाही. तुमचं वाक्य असं हवं, की एचआरने ते उचलून जसंच्या तसं त्या ई-मेलमध्ये चिकटवावं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे नोटीस पिरियड दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचा. ऑफर स्वीकारलेला उमेदवार एवढ्या काळात दुसरीकडे मुलाखती देत राहतो आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करतो. मग जागा रिकामी राहते आणि शिव्या एचआरला बसतात. मी स्वतः सोमवारी सकाळी गेटवर वाट पाहत उभी राहिले आहे. त्यामुळे समोरच्या बाईंच्या मनात पगारापेक्षा मोठी धास्ती एकच असते: ही मुलगी येणार की नाही? कोवळ्या उमेदवाराकडे देण्यासारखं फार काही नसतं, पण ही धास्ती घालवणं त्याच्या हातात असतं. आदराने बोलायचं ते यासाठी. नुसत्या ‘सॉरी मॅडम, पण’ने सुरू झालेल्या वाक्यातून तेवढं साधत नाही.

हे दोन मुद्दे धरून आम्ही सात स्लाइड केल्या. भाचीचीच गोष्ट उदाहरणाला घेतली. कंपन्यांची नावं गाळली आणि आकडे तेच ठेवले. ती एम.कॉम. झालेली, हिशेब विभागात तीन वर्षं काढलेली, पुण्यातच राहणारी. जुन्या नोकरीत सीटीसी 4 लाख 20 हजार, हातात महिना 30,000 रुपये.

पहिली स्लाइड ऑफरच्याही आधीची, कारण निम्मी बाजी तिथेच लागते. पहिल्या फोनवर तीन प्रश्न ठरलेले असतात: सध्याचं सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस किती. सध्याचा आकडा लपवू नये आणि फुगवू तर मुळीच नये. पुढे तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतात आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडतो. अपेक्षेचा आकडा मात्र लगेच देण्याची सक्ती नाही. तुम्ही आधी आकडा दिलात, की पुढची सगळी चर्चा त्याच्या आसपास घोटाळत राहते. स्लाइडवर आम्ही लिहिलं:

“सध्याचं सीटीसी 4 लाख 20 हजार आहे, पगारपावत्या मी देऊ शकते. इथलं काम मात्र आत्ताच्या कामापेक्षा मोठं दिसतंय. या जागेसाठी तुम्ही साधारण काय रेंज धरली आहे, ते सांगाल का मॅडम? त्यावरून मला नीट उत्तर देता येईल.”

कधी रेंज सांगतात, कधी ‘आधी तुमचं सांगा’ म्हणतात. दुसऱ्यांदा असं म्हटलं, की ताणू नये. भाचीने अशाच कामावर असलेल्या चार ओळखीच्यांना विचारून ठेवलं होतं. त्यांचे आकडे 6 ते 7 लाखांच्या मधले निघाले. तिने ‘6 ते 7’ न म्हणता ‘साडेसहाच्या आसपास’ म्हटलं. रेंज दिली की ऐकणारा खालचं टोक लिहून घेतो. मीही तेच लिहीत असे.

दुसरी स्लाइड छोटी आहे. गुरुवारी संध्याकाळी फोन आला, अभिनंदन, 6 लाख. त्या क्षणी हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. “खूप आभार मॅडम, मला आनंद झाला. ऑफरचं पूर्ण ब्रेकअप ई-मेलवर पाठवाल का? नीट वाचून शनिवारी अकराच्या आत मी तुम्हाला फोन करते.” दिवस आणि वेळ आपण सांगायची आणि ती पाळायची. ‘विचार करून कळवते’ एवढंच म्हटलं, तर एचआरच्या कानाला ते ‘दुसरीकडे बघते’ असं लागतं.

तिसऱ्या स्लाइडसाठी आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण नवख्या मुलांची फसगत इथे होते. 6 लाख भागिले 12 म्हणजे 50,000, असा हिशेब ती खूश होऊन मनात करतात. आलेलं ब्रेकअप असं होतं: बेसिक 3 लाख, घरभाडे भत्ता 1 लाख 20 हजार, स्पेशल अलाउन्स 64,000. या तिघांची बेरीज 4 लाख 84 हजार, आणि दर महिन्याच्या पगारपावतीवर येतं ते एवढंच. बाकी रक्कम अशी: कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा 36,000, ग्रॅच्युइटी 14,430, आरोग्य विम्याचा हप्ता 5,570 आणि व्हेरिएबल पे 60,000.

आता महिन्याला उतरू. 4 लाख 84 हजार भागिले 12 म्हणजे 40,333. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ जातो. 25,000 बेसिकच्या 12 टक्क्यांनी तो 3,000. व्यवसाय कर 200. नव्या करप्रणालीत या पगारावर प्राप्तिकर लागत नाही. हातात उरले 37,133. कागदावर सीटीसी जवळपास 43 टक्क्यांनी वाढलेलं, तर हातातली वाढ 24 टक्के.

यात कंपनीने लबाडी केली असं नाही, ते मी भाचीला आधी सांगितलं. पीएफचे दोन्ही वाटे तिच्याच खात्यात जमतात, ते तिचेच पैसे. जुनी कंपनी कायद्याच्या 15,000 च्या मर्यादेवर 1,800 कापत होती, ही पूर्ण बेसिकवर कापते, म्हणून हातात थोडं कमी आणि साठ्यात जास्त. बेसिक निम्मं ठेवण्यामागेही कारण आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ग्रॅच्युइटीचं प्रकरण मात्र निराळं. बेसिकच्या 4.81 टक्के ही रक्कम येते वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिन्याचे सव्वीस दिवस या हिशेबातून. कायम नोकरीत ती मिळण्यासाठी साधारणपणे पाच वर्षं सलग काम लागतं. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते 14,430 छापील आहेत.

आणि व्हेरिएबल. 60,000 ‘पर्यंत’ मिळणार. कंपनीचा नफा आणि तुमचं रेटिंग दोन्ही जमलं तर पूर्ण, नाही तर कमी. म्हणून या स्लाइडवर मागणी नाही, फक्त प्रश्न आहेत:

“मॅडम, ब्रेकअप वाचलं, एक-दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. व्हेरिएबल तिमाही मिळतं की वर्षाला? गेल्या दोन वर्षांत या विभागात साधारण किती टक्के दिलं गेलं? आणि वर्षाच्या मधे रुजू झालेल्याला ते कसं मिळतं?”

भाचीला उत्तर मिळालं, ‘साधारण सत्तर टक्के’. म्हणजे 60,000 चे 42,000. हे उत्तर पुढच्या स्लाइडला कामी आलं. ज्या ठिकाणी ‘ते सांगता येणार नाही’ असं ऐकू येतं, तिथे व्हेरिएबल मनातल्या हिशेबात शून्य धरावं.

चौथी स्लाइड प्रत्यक्ष मागणीची. खर्ड्यात भाचीने लिहिलं होतं, ‘पुण्यात भाडं फार वाढलंय, घरचे हप्तेही आहेत.’ खरं होतं, पण भाडं सगळ्यांचंच वाढलेलं असतं. मंजुरीच्या ई-मेलमध्ये मी तुमचा हप्ता लिहू शकत नाही, तुमचं काम लिहू शकते. मग मी तिला विचारलं, तू करतेस काय? ती म्हणाली, बिलं जुळवते. किती? महिन्याला नऊशेच्या आसपास. कधी? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. जीएसटीआर-2बी 14 तारखेला येतो आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरायचा असतो. पुरवठादारांनी भरलेली बिलं आणि आपल्या वहीतली बिलं मधल्या सहा दिवसांत जुळवावी लागतात, नाही तर क्रेडिट अडकतं. तिच्या आधी हे काम दोघं मिळून करत आणि तरी दर महिन्याला काही बिलं राहून जात. तिने एक्सेलमध्ये जुळणी बसवली आणि गेलं वर्षभर ती हे काम एकटी वेळेत संपवत होती. तीन मुलाखतींत तिने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘त्यात काय सांगायचं मावशी, ते तर कामच आहे.’

स्लाइड अशी झाली:

“मॅडम, ही भूमिका मला आवडली आहे आणि मला इथेच यायचं आहे. एक विनंती होती. मासिक जीएसटी जुळणी, साधारण नऊशे बिलांची, मी वर्षभर एकटीने वेळेत केली आहे, आणि इथे तेच काम तीन शाखांचं आहे. हे लक्षात घेऊन फिक्स्ड भाग 5 लाख 40 हजारांऐवजी 6 लाख करता येईल का? व्हेरिएबल आहे तेवढंच असू दे. एवढं जमलं, तर मी त्याच दिवशी ऑफर स्वीकारून राजीनामा देईन.”

यातली क्रमवारी महत्त्वाची आहे. आधी यायचं आहे हे, मग काम, मग एकच आकडा, आणि शेवटी ते मान्य झाल्यास आपण काय करू ते. मागणी ‘फिक्स्ड’ची केली, एकूण सीटीसीची नाही. नुसतं ‘सीटीसी वाढवा’ म्हटलं, तर कंपनी व्हेरिएबलमध्ये भर घालून आकडा वाढवून दाखवू शकते. शेवटचं वाक्य मनापासून असेल तरच बोलायचं. दुसरीकडची ऑफर खिशात ठेवून ते बोललात, तर तुम्ही गेटवर माझ्यासारखीला ताटकळत ठेवणाऱ्यांतले.

आणि हे बोलून झालं की गप्प बसायचं. फोनवर चार-पाच सेकंद शांतता पसरते, ती सोसत नाही, मग मुलं स्वतःच म्हणतात, ‘म्हणजे, नाही जमलं तरी चालेल.’ झालं. मी असे कित्येक फोन ऐकले. मला काही करावं लागलं नाही, उमेदवारानेच माझं काम केलं. स्लाइडच्या तळाशी आम्ही बारीक अक्षरांत ‘आता थांबा’ एवढंच लिहिलं.

इथे मुलींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिंडा बॅबकॉक यांनी सारा लॅशेव्हर यांच्यासोबत 2003 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा दाखला आहे: पहिल्या नोकरीत 57 टक्के मुलग्यांनी पगार वाढवून मागितला होता, मुलींपैकी 7 टक्क्यांनी. वाचणारा म्हणेल, मुलींनी धीट व्हावं. पण बॅबकॉक आणि हॅना रायली बोल्स यांनी नंतर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मागणारी मुलगी लोकांना मागणाऱ्या मुलग्यापेक्षा अधिक खटकते, आणि मागणी संस्थेच्या कामाशी जोडून मांडली, की तो खटका कमी होतो. हा अन्याय आहेच. तो दूर होईपर्यंत तरी ‘तेच काम इथे तीन शाखांचं आहे’ हा तुकडा वाक्यात ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. मुलग्यांनाही तो चालेल.

पाचवी स्लाइड ‘नाही’ ऐकल्यावरची. भाचीला आधी नाहीच ऐकावं लागलं: ‘बजेट नाही, फार तर जॉइनिंग बोनस देऊ 40,000.’ ऐकायला बरं वाटतं. पण जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो. वर्षाच्या आत नोकरी सोडली, तर तो सहसा परत मागतात, आणि पुढच्या वर्षीची टक्क्यांतली वाढ त्यावर मोजत नाहीत. फिक्स्डमध्ये आलेले 40,000 दर वर्षी येतात आणि वाढही त्यांच्यावर धरली जाते. म्हणून:

“समजलं मॅडम, तुम्ही प्रयत्न केलात त्याबद्दल आभार. बोनसची तीच रक्कम फिक्स्डमध्ये बसवता येईल का, एवढं एकदा विचारून पाहाल? ते नाहीच झालं, तर सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पगाराचा फेरविचार होईल, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का?”

दुसरा ‘नाही’ आला की थांबावं. तिसऱ्यांदा मागणारा उमेदवार रुजू होण्याआधीच विभागप्रमुखाच्या डोळ्यांत खुपतो. सोमवारी भाचीला फोन आला: 6 लाख 40 हजार, व्हेरिएबल तेवढंच, बोनस नाही. फिक्स्ड 5 लाख 80 हजार झालं.

सहावी स्लाइड कॅम्पसमधून भरती होणाऱ्यांसाठी. शेकडो मुलांना एकाच पॅकेजवर घेणाऱ्या कंपनीत पहिल्या दिवशी पगार वाढवून मागण्यात अर्थ नाही. तिथे पट्टाच नसतो, एकच रेघ असते. विचारायचं ते दुसरंच: “सर, पोस्टिंग आणि शिफ्ट केव्हा कळेल? बाँड आहे का, असल्यास किती महिन्यांचा आणि किती रकमेचा? प्रोबेशन संपल्यावर पगारात काही बदल होतो का?” भाची म्हणाली, ही स्लाइड फारच कोरडी आहे. मी म्हटलं, असू दे.

सातवी स्लाइड कागदाची. फोनवर ठरलेलं आपणच त्याच दिवशी लिहून पाठवायचं: “आजच्या बोलण्याप्रमाणे सीटीसी 6 लाख 40 हजार, त्यात फिक्स्ड 5 लाख 80 हजार आणि व्हेरिएबल 60,000. सुधारित ऑफर लेटर मिळताच मी स्वीकृती पाठवते.” ते लेटर हाती येऊन वाचून झाल्याशिवाय जुन्या साहेबांकडे राजीनामा न्यायचा नाही. ‘लेटर येतंय, तुम्ही रिझाइन करा’ असं कुणी कितीही गोड बोललं, तरी नाही. मी हे वाक्य नोकरीत असताना बोलले आहे, आणि एकदा लेटर तीन आठवडे अडकलं होतं. त्या मुलाने राजीनामा दिलेला होता. तो माझ्यावर चिडला नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं.

भाचीने स्लाइडला पिवळा रंग दिला. एका स्लाइडवर तीसच शब्द हवेत असा तिचा हट्ट होता. चौथ्या स्लाइडवर तो मोडला, कारण वाक्य तोडलं की क्रमवारी तुटत होती.

पहिल्या पूर्ण महिन्याचा पगार 39,986 आला. पहिल्या ऑफरपेक्षा महिन्याला 2,853 जास्त. फेब्रुवारीत 39,886 जमा झाले आणि तिचा लगेच फोन: ‘मावशी, माझे शंभर रुपये कुठे गेले?’ महाराष्ट्रात व्यवसाय कर अकरा महिने 200 रुपये कापतात आणि फेब्रुवारीत 300.